तार ताणली की इलेक्ट्रॉन जोरात धावतात की हळू?

बारावीच्या वर्गात दरवर्षी येणारा प्रश्न आहे. तांब्याची तार ताणून तिची लांबी दुप्पट केली, तर रोध किती पट होईल आणि ड्रिफ्ट वेग, म्हणजे इलेक्ट्रॉन तारेतून सरकण्याचा सरासरी वेग, किती पट? (आमच्या इंदूरच्या शाळांत रोधाला प्रतिरोध म्हणतात, इथे रोधच म्हणू या.) पहिल्या भागाचं उत्तर मुलं डोळे मिटून देतात: चौपट. दुसऱ्या भागाला वर्गात दोन तट पडतात. अर्धी मुलं म्हणतात वेग निम्मा होईल, अर्धी म्हणतात दुप्पट होईल, आणि दोन्हीकडे सूत्र बरोबर लिहिलेलं असतं.

भांडण सूत्राचं नाहीच. ताणण्याआधी आणि ताणल्यानंतर विभवांतर तेच ठेवलं की विद्युतधारा तीच ठेवली, हे प्रश्नात न वाचता उत्तराकडे धाव घेतली की हे दोन तट पडतात. आणि खऱ्या सर्किटमध्ये बहुतेक वेळा या दोहोंपैकी काहीच तसंच्या तसं राहत नाही. त्या तिसऱ्या प्रकाराचं उत्तर मला सगळ्यांत जास्त आवडतं. पण तिथवर पोचायला आधी थोडी तयारी हवी.

आधी न बदलणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढा

तार ताणली म्हणजे धातू वाढला नाही. शेवयांसाठी कणकेची वळी ओढली की ती लांब होते आणि तेवढीच बारीक होते, तसंच इथे होतं. घनफळ तेच राहतं. म्हणजे लांबी k पट झाली तर काटछेदाचं क्षेत्रफळ k ने भागलं जातं. R = ρL/A यात वर k आणि खाली 1/k, म्हणून रोध k² पट. लांबी दुप्पट तर रोध चौपट, लांबी दहा टक्क्यांनी वाढली तर 1.21 पट.

रोधकता ρ तीच धरली, कारण ती पदार्थाची आहे, आकाराची नाही. इथे एखादा चौकस मुलगा विचारतो की तार बारीक झाली तर इलेक्ट्रॉन तिच्या भिंतींवर जास्त आपटणार नाहीत का? रास्त शंका आहे. तांब्यात साध्या खोलीच्या तापमानाला इलेक्ट्रॉन दोन धडकांच्या मध्ये सुमारे 40 नॅनोमीटर जातो. आपली तार कितीही बारीक म्हटली तरी तिचा व्यास त्याच्या काही हजार पट असतो. त्यामुळे भिंतींचा हिशेब धरायची गरज पडत नाही, आणि दोन धडकांमधला सरासरी वेळ τ ताणण्याने बदलत नाही असं मानता येतं. एका घनमीटरमधले मुक्त इलेक्ट्रॉन, म्हणजे n, हेही तेवढेच राहतात, तांब्यासाठी सुमारे 8.5 × 10²⁸.

आता ड्रिफ्ट वेग. पुस्तकात v = I/(nAe) असं लिहिलेलं असतं आणि त्यातला A बदलतो, म्हणून मुलं गोंधळतात. मी तेच सूत्र थोडं वळवून घ्यायला सांगतो. तारेतल्या एकूण मुक्त इलेक्ट्रॉनांची संख्या N म्हणा. ताणल्याने N बदलत नाही, कारण तार तीच आहे. N म्हणजे nAL, म्हणून

v = I·L/(N·e)

यात जाडीचं नावच नाही. N आणि e पक्के आहेत, बदलतात फक्त धारा आणि लांबी. ताणल्यावर धारा किती झाली एवढं शोधा, तिला नव्या लांबीने गुणा, झालं.

याच सूत्रातून आणखी एक गोष्ट आपोआप बाहेर पडते. एका इलेक्ट्रॉनला तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकायला लागणारा वेळ L/v, म्हणजे Ne/I. त्यात लांबीही नाही. धारा तीच ठेवली तर तार कितीही ताणा, इलेक्ट्रॉनला ती पार करायला तेवढाच वेळ लागतो: लांबी जितकी वाढली तितकाच तो जोरात सरकतो. मुलांना हे खरं वाटत नाही, म्हणून आकडे घालून बघू.

एक तार, आकड्यांसह

4.00 मीटर लांब आणि 0.20 मिमी व्यासाची मऊ तांब्याची तार घेऊ. क्षेत्रफळ 3.14 × 10⁻⁸ चौरस मीटर. तांब्याची रोधकता 20 अंशांना 1.72 × 10⁻⁸ ओहम-मीटर, म्हणून रोध 2.19 ओहम. या तारेत 150 मिलिअँपिअर धारा सोडली तर टोकांमध्ये साधारण 0.328 व्होल्ट मिळतात. ड्रिफ्ट वेग येतो 0.351 मिलिमीटर दर सेकंदाला. म्हणजे चार मीटर पार करायला इलेक्ट्रॉनला सुमारे 3 तास 10 मिनिटं लागतात. (बटण दाबताच दिवा लागतो तो इलेक्ट्रॉन बटणापासून दिव्यापर्यंत पोचल्यामुळे नाही, विद्युतक्षेत्र तारेभर जवळजवळ लगेच पसरतं म्हणून.)

तार ताणून 4.60 मीटर केली. k = 1.15. व्यास 0.1865 मिमी झाला, रोध 1.3225 पट होऊन 2.90 ओहम.

धारा 150 मिलिअँपिअरच ठेवली, तर वेग 1.15 पट होऊन 0.404 मिमी दर सेकंदाला. वेळ मात्र तोच, 3 तास 10 मिनिटं. या वेळी विभवांतर वाढवून 0.434 व्होल्ट करावं लागलं, हे विसरू नका. वेग काही फुकट वाढलेला नाही.

विभवांतर 0.328 व्होल्टच ठेवलं, तर धारा 113 मिलिअँपिअरवर येते आणि वेग 1.15 ने भागला जाऊन 0.305 मिमी. वेळ 4 तास 11 मिनिटं, म्हणजे रोधाप्रमाणेच k² पट. हेच v = eVτ/(mL) मधूनही येतं: विभवांतर तेच, लांबी जास्त, म्हणून क्षेत्र कमी, म्हणून वेग कमी.

लांबी दुप्पट केलेल्या प्रश्नात पहिल्या तटाने विभवांतर धरलं होतं, दुसऱ्याने धारा. परीक्षेत “त्याच बॅटरीला जोडली” असं लिहिलेलं असेल आणि बॅटरीच्या अंतर्गत रोधाचा उल्लेख नसेल, तर विभवांतर तेच धरायचं. “तेवढीच धारा वाहत असेल तर” असं असेल तर धारा. काहीच लिहिलेलं नसेल तर प्रश्नच अर्धवट आहे, आणि उत्तराच्या आधी आपण काय धरलं ते एका ओळीत लिहावं.

मधला प्रकार: सेलसोबत आणखी रोध असेल तर

प्रयोगशाळेत नुसती तार सेलला कोणी जोडत नाही. रिओस्टॅट असतो, सेलचा स्वतःचा रोध असतो, अँमीटर असतो. तारेबाहेरचा हा सगळा रोध मिळून r म्हणू. तारेचा मूळ रोध R, सेलचा विद्युतगामक बल E. ताणल्यानंतर धारा E/(r + k²R) होते, आणि वेग या धारेच्या k पटीच्या प्रमाणात:

v ∝ k/(r + k²R)

हा वेग मूळ वेगापेक्षा जास्त की कमी? दोन्ही बाजू मांडून सोडवा, (k − 1) हा अवयव सगळीकडून निघून जातो आणि उरतं ते इतकं सोपं: बाहेरचा रोध r जर kR पेक्षा मोठा असेल तर ताणल्यावर वेग वाढतो, लहान असेल तर घटतो, आणि बरोबर kR असेल तर वेग तेवढाच राहतो.

आपल्या तारेवर घालून बघू. 1.5 व्होल्टचा सेल आणि बाहेरचा रोध 7.8 ओहम. आधी एकूण 10 ओहम, धारा 150 मिलिअँपिअर. ताणल्यावर एकूण 10.7 ओहम, धारा 140 मिलिअँपिअर. धारा कमी झाली, म्हणून वेगही कमी झाला असेल असं वाटतं. पण वेग निघतो 0.377 मिमी, आधीच्या 0.351 पेक्षा जास्त. कारण kR इथे 2.52 ओहम आहे आणि बाहेरचा रोध त्याच्या तिपटीहून मोठा आहे. धारा थोडीच घटली, तारेचं क्षेत्रफळ मात्र 13 टक्क्यांनी कमी झालं. त्याच बारीक वाटेने जवळजवळ तेवढेच इलेक्ट्रॉन न्यायचे, तर प्रत्येकाला जास्त जोरात सरकावंच लागणार.

तार अशीच ताणत गेलात (कागदावर, हातात ती आधीच तुटेल) तर वेग वाढत जाऊन k²R = r इथे सर्वाधिक होतो, म्हणजे k साधारण 1.89 असताना. त्यानंतर तो उतरतो, आणि k = 3.56 ला, म्हणजे kR बरोबर r झाल्यावर, पुन्हा मूळ किमतीवर येतो. सर्वाधिक वेगाच्या जागी तारेचा रोध आणि बाहेरचा रोध सारखे असतात. जास्तीत जास्त शक्ती मिळवायची अटही हीच, कारण तारेत खर्च होणारी शक्ती धारेचा वर्ग गुणिले k²R, म्हणजे थेट वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते.

r शून्य घातला की विभवांतर पक्कं असलेला प्रकार मिळतो, r खूप मोठा घातला की धारा पक्की असलेला. दोन्ही तट या एकाच सूत्राची दोन टोकं आहेत.

गच्चीवर करून बघायचं असेल तर

k² खरंच येतो का, हे घरी तपासता येतं. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात 36 नंबरची वाइंडिंगची तार मागा. तिचा व्यास 0.193 मिमी असतो, वरच्या हिशेबात मी सोयीसाठी 0.20 धरला. आपल्याला दोन रोधांचं गुणोत्तर काढायचं आहे, त्यामुळे नेमक्या जाडीची गरजच नाही. तिथे तार वजनावर विकतात आणि तुम्हाला हवी असलेली बारा मीटर तार जेमतेम सव्वातीन ग्रॅम भरते, तेव्हा दुकानदार हसला तर मनावर घेऊ नका.

त्याच रिळातून साडेपाच-साडेपाच मीटरचे दोन तुकडे कापा. एक ताणायचा, दुसरा तसाच ठेवायचा. एकच तार ताणण्याआधी आणि नंतर मोजावी असं कोणालाही वाटेल, पण त्यात अडचण आहे. रोध मोजायला तारेवरचं इनॅमल खरवडावं लागतं, खरवडलेल्या जागी तार अशक्त होते आणि ताणताना नेमकी तिथेच तुटते. म्हणून न ताणलेली जुळी तार जवळ ठेवायची.

दोन्ही तुकड्यांवर बारीक मार्करने बरोबर 4.00 मीटर अंतरावर दोन खुणा करा. खुणेपलीकडे दोन्ही बाजूंना पाऊण मीटर मोकळी तार राहील. पहिल्या तुकड्याचं एक टोक गच्चीच्या कठड्याच्या नळीला फडकं गुंडाळून त्यावर सात-आठ वेढे देऊन बांधा. गाठ मारू नका, गाठीत तार चिरडते. दुसरं टोक लाटण्यावर तसेच वेढे देऊन घ्या. डोळ्यांवर चष्मा असू द्या, तुटलेली तार उलटून सपकन येते.

आता हळूहळू ओढा. एवढ्या बारीक मऊ तांब्याला अर्ध्या किलोच्या आसपासची ओढ पुरते, पाऊण किलोला ती तुटतेच. झटका देऊ नका. तांब्याचा एक गुण इथे मदतीला येतो: जो भाग आधी ताणला जातो तो जरा कडक होतो, मग ओढ शेजारच्या मऊ भागावर जाते, आणि तार आपोआप सगळीकडे सारखी लांबते. मर्यादा ओलांडली की हे संपतं, एका जागी तार मानेसारखी बारीक होते आणि तिथेच तुकडा पडतो. पंधरा टक्क्यांवर थांबणं म्हणूनच शहाणपणाचं. सोडल्यावर तार सात-आठ मिलिमीटर मागे येते, तेव्हा थोडी जास्त ओढून मगच सोडा, आणि अंतर सोडल्यानंतरच खुणेपासून खुणेपर्यंत मोजा. टोकापासून टोकापर्यंत मोजायचं नाही.

आता चारही खुणांवर दोन-दोन मिलिमीटर इनॅमल बारीक पॉलिश पेपरने काढा, आणि चारही टोकांवरचंही काढा. दोन्ही तारा एकामागे एक जोडा, सोबत 2.7 ओहमचा रोधक आणि 1.5 व्होल्टचा सेल. साधारण 140 मिलिअँपिअर वाहतील. मल्टीमीटर 2000 मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून आधी जुळ्या तारेच्या दोन खुणांवर टोचा, मग ताणलेल्या तारेच्या. दोन्हींतून तीच धारा जाते, त्यामुळे व्होल्टांचं गुणोत्तर हेच रोधांचं गुणोत्तर, आणि अँमीटर लागतच नाही. दोन्ही तारा एकाच सावलीत ठेवा. तांब्याचा रोध अंशामागे सुमारे 0.4 टक्का वाढतो. इंदूरच्या मे महिन्यात एक तार उन्हात आणि एक सावलीत राहिली तर चार-पाच टक्के तिथेच गेले. धारा वाढवायचा मोहही टाळा. अर्धा-पाऊण अँपिअर सोडलात तर ही बारीक तार स्वतःच काही अंश तापते, आणि जास्त रोधाची ताणलेली तार जास्त तापते.

गुणोत्तर काय सांगतं

समजा जुळ्या तारेवर 328 आणि ताणलेलीवर 438 मिलिव्होल्ट दिसले. गुणोत्तर 1.335, अपेक्षा 1.3225. एक टक्का वर. हे चांगलं उत्तर आहे. ताणताना धातूच्या आतल्या रचनेत दोष वाढतात आणि रोधकता किंचित चढते. खूप ओढून कडक केलेल्या तांब्याची संवाहकता मऊ तांब्याच्या सुमारे 97 टक्के असते, म्हणजे पूर्ण कडक झाल्यावरही तीनच टक्के फरक. आपण पंधरा टक्केच ताणलं, तेव्हा त्याहून कमी दिसला पाहिजे.

चार-पाच टक्के वर आलं तर तार सारखी ताणली गेलेली नाही किंवा तापली आहे, असा संशय घ्या. असमान ताणलेल्या तारेचा रोध त्याच लांबीच्या समान ताणलेल्या तारेपेक्षा नेहमी जास्तच असतो. जिथे ती बारीक झाली तिथला रोध वर्गाने वाढतो, आणि जाड राहिलेल्या भागातली बचत त्याची भरपाई करू शकत नाही. याचं एक टोक परीक्षेत येतं: तारेचा फक्त अर्धा भाग ताणून दुप्पट केला. न ताणलेल्या अर्ध्याचा रोध R/2, ताणलेल्याचा चौपट होऊन 2R, एकूण 2.5R. हीच दीडपट लांबी सगळीकडे सारखी ताणून मिळवली असती तर 2.25R झाला असता. ड्रिफ्ट वेगही अशा तारेत एक नसतो. धारा दोन्ही भागांत तीच, म्हणून बारीक भागात इलेक्ट्रॉन जाड भागाच्या दुप्पट वेगाने सरकतात. “तारेतला ड्रिफ्ट वेग” असं एकच उत्तर मागणारा प्रश्न इथे लागू पडत नाही, भाग कोणता ते सांगावं लागतं.

गुणोत्तर 1.32 च्या खाली आलं तर मात्र भौतिकशास्त्राला दोष देऊ नका. वरची सगळी कारणं आकडा वरच नेतात. खाली आणणारी कारणं मोजणीतली असतात. एक म्हणजे लाटण्यावरून तार सरकली आणि तुम्ही खुणांऐवजी टोकांमधलं अंतर धरलं: जेवढी ताणली असं वाटलं, तेवढी ताणलीच गेली नाही. दुसरं म्हणजे मल्टीमीटर थेट ओहमवर ठेवून मोजलं. त्याच्या दोन वायरींचा रोध 0.4 ओहम असला तर तो दोन्ही वाचनांत मिसळतो, 2.59 आणि 3.30 दिसतात, आणि गुणोत्तर 1.27 वर येतं. दोन्ही टोकं एकमेकांना टेकवून दिसणारा आकडा वजा केला की हे सुधारतं, पण खुणांवर व्होल्ट मोजण्याची पद्धत त्याहून बरी.

लांबी खरोखर दुप्पट करायची असेल तर हाताने ओढून ते होणार नाही. राजवाड्याजवळच्या सराफ्यात कारागीर चांदीची तार लहान होत जाणाऱ्या छिद्रांच्या पोलादी पट्टीतून एकामागे एक ओढतात आणि मधूनमधून तापवून मऊ करतात. तसं केलं तर तार न तुटता कितीही पट लांब होते. तिथे लांबी मोजत बसण्यापेक्षा छिद्राचा व्यास हातात असतो, आणि हिशेब उलट्या बाजूने करावा लागतो: घनफळ तेच, म्हणून व्यास निम्मा झाला तर लांबी चौपट आणि रोध सोळापट. परीक्षेत व्यास दिलेला असतो तेव्हाही हीच पायरी आधी घ्यायची, k काढायचा, आणि मगच धारा पक्की की विभवांतर पक्कं याकडे वळायचं. व्यास निम्मा, विभवांतर तेच, तर वेग एक चतुर्थांश. धारा तीच, तर चौपट. बाहेर r रोध असेल, तर तो 4R पेक्षा मोठा आहे की लहान ते बघा.